नुसता फोटो आला, सोबत एक अक्षर नाही: पहिलं उत्तर काय द्यावं?

कुंडीकाठ

गेली वीसेक वर्षं कुंड्यांतली झाडं सांभाळते आहे. ओळखीतल्या लोकांना ते माहीत असल्यामुळे फोनवर झाडांचे फोटो येत राहतात. निम्म्या फोटोंसोबत काहीच लिहिलेलं नसतं. गेल्या आठवड्यात अशाच एका फोटोला उत्तर देताना माझी मोठी चूक झाली, ती मनातून जात नाही.

जुन्या ऑफिसातले एक सहकारी आहेत, फारसे बोलणारे नाहीत. रात्री नऊच्या सुमारास त्यांच्याकडून जास्वंदीचा फोटो आला. खालची चार-पाच पानं पिवळी दिसत होती. मी लगेच लिहायला बसले. जुनी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर मॅग्नेशियम कमी, नवी पानं तशी झाली तर लोह कमी, सगळीच मलूल असतील तर पाणी जास्त, निचरा तपासा, मुळं बघा. चांगले सात परिच्छेद झाले. दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढे दोन दिवस शांतता.

तिसऱ्या दिवशी मीच फोन केला. ते म्हणाले, "अहो, दोन वर्षांपूर्वी तुम्ही दिलेली फांदी ती. पहिली कळी आली, म्हणून पाठवला होता." फोटो परत उघडला. डाव्या कोपऱ्यात, वरच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढी कळी होती. फोकससुद्धा तिच्यावरच होता, पानं किंचित धूसर होती. शिवाय कुंडीची कड पांढरी आहे हे मला माहीत होतं, कारण कुंडीही मीच दिलेली, आणि फोटोत ती साय असते तशी पिवळसर दिसत होती. म्हणजे दिव्याचा पिवळा उजेड होता आणि पानांचा निम्मा पिवळेपणा त्या उजेडाचाच असणार.

त्यांनी आनंद पाठवला आणि मी त्यांना रोग कळवला. असा मुका फोटो आला की तुम्ही पहिली ओळ काय लिहिता? मला ते नीट शिकायचं आहे.

खटपट्या

ताई, माझा नियम साधा आहे. अंदाज करायचाच नाही. "काय झालं?" एवढं विचारायचं आणि थांबायचं. प्रश्न त्यांचा आहे, तो त्यांनीच मांडला पाहिजे. तुम्ही अंदाज केलात म्हणूनच फसलात.

पाना_पक्कड

खटपट्या, अर्धं पटलं. अंदाजावर लांबलचक उत्तर द्यायचं नाही, हे बरोबर. पण नुसतं "काय झालं?" पाठवलं तर बरेच जण तिथेच अडतात. मी कपडे धुवायची मशिनं दुरुस्त करतो, दिवसाला पाच-सहा फोटो येतातच. न लिहिता पाठवणारा माणूस आळशी असतो असं मला कधी वाटलं नाही. कुणाचे हात ओले असतात, कुणाला टाइप करणं जड जातं. आणि खूप जणांना नेमकं काय विचारायचं तेच माहीत नसतं. त्यांना शब्द सापडत नाहीत, म्हणून तर ते फोटो काढतात. त्यांनाच "काय झालं?" विचारलं की न सापडलेले शब्द आपण परत मागतो.

परवाचंच सांगतो. मशिनच्या पॅनेलचा फोटो आला, पडद्यावर `OE`. त्या कंपनीच्या मशिनवर याचा अर्थ पाणी बाहेर जात नाही. दुसऱ्या कंपनीच्या मशिनवर याच बिघाडाला वेगळी अक्षरं असतात, म्हणून कोड वाचायच्या आधी मी नाव बघतो. फोटोच्या खालच्या कडेला फरशीची एक पट्टी आली होती आणि तिच्यावर चमक होती. ते पाणी असेल किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब असेल. माझं उत्तर हे होतं:

"पॅनेलवर `OE` दिसतंय, म्हणजे मशीन पाणी बाहेर टाकू शकत नाहीये. खाली फरशीवर पाणी साचलंय का? साचलं असेल तर त्यात उभं राहून प्लगला हात लावू नका, घराचा मेन स्विच आधी बंद करा."

बस, एवढंच. खालचं झाकण कसं उघडायचं, बारीक नळीतून आधी पाणी कसं काढायचं, मग फिल्टर कसा फिरवायचा, पाणी गरम असेल तर किती थांबायचं, हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण पाठवलं नाही. उत्तर आलं, "पाणी नाही, फरशी कोरडी. फिल्टर दोनदा साफ केला, तरी येतंय." बघा, फिल्टरची सगळी कहाणी फुकट गेली असती, वर त्यांना वाटलं असतं की मी त्यांना अडाणी समजतो. मग पुढचं बोलणं मागच्या नळीवर आणि पंपावर गेलं. नळी भिंतीजवळ दुमडली होती.

कुंडीकाठ

हे फार उपयोगी पडेल. म्हणजे आधी दिसलं ते सांगायचं, मग एकच प्रश्न. पण दिसलेलं सांगायची खरंच गरज असते का? त्यांनीच काढलेला फोटो, त्यांना दिसतंच ना.

पाना_पक्कड

असते. तुम्हाला काय दिसलं ते त्यांना कळतं आणि चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करता येतं. तुम्ही "खालची पानं पिवळी दिसतायत, याबद्दल विचारताय का?" एवढं लिहिलं असतं तर त्यांनी लगेच लिहिलं असतं, "नाही हो, वर कळी बघा."

मितभाषी

फोटोखाली मजकूर लिहायची सोय असते, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. फोटो निवडला की पाठवायच्या बाणाशेजारी रिकामी पट्टी येते, तिथे लिहायचं. आणि फोटो धूसर येत असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो दाबून लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल जाते. हे सगळ्यांना एकदा शिकवलंत तर प्रश्नच मिटेल.

कुंडीकाठ

धन्यवाद, पण माझा प्रश्न पाठवणाऱ्यांना शिकवण्याबद्दल नाही. फोटो आलाय, माणूस पलीकडे वाट बघतोय, तेव्हा मी काय लिहू, हा आहे.

पाना_पक्कड

मितभाषी, एक भर घालतो. मूळ फाइल गेली की तिच्यासोबत फोटो कुठे काढला ती जागाही जाऊ शकते, फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर. अनोळखी माणसाकडे तशी फाइल मी कधी मागत नाही. आणि पहिल्याच उत्तरात "नीट फोटो पाठवा" म्हटलं की अर्धे लोक परत येत नाहीत. ओशाळतात. जेवढं दिसतंय तेवढ्यावर आधी बोलावं, दुसरा फोटो मागायचा तर कशासाठी ते सांगून मागावा. "कोडच्या बाजूचा दिवा लागलाय का ते दिसत नाहीये, तेवढ्याचाच एक जवळून काढाल का?" असं.

सावली

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, चालेल ना? मला फार कमी दिसतं. घरात एकटी असताना बाटली किंवा डबा हाती आला की मी फोटो काढून बहिणीला पाठवते. लिहीत नाही, कारण प्रश्न नेहमी एकच असतो: हे काय आहे?

सुरुवातीला ती विचारायची, "याचं काय?" मला राग यायचा नाही, पण एक फेरी वाया जायची. आता तिचं पहिलं उत्तर ठरलेलं आहे. सगळ्यात मोठ्या अक्षरांत जे छापलंय ते आधी वाचते, मग बाकीचं दिसतंय की नाही ते सांगते. "फरशी पुसायचं द्रावण आहे. तारीख दिसत नाही, बाटली जरा उजवीकडे फिरव." फोटोत फक्त माझा अंगठा आणि झाकण आलं असेल तर तेही सांगते: "वरची बाजू कापली गेली, फोन दोन वीत मागे ने." यात ती कधी हसत नाही, याचं मला फार मोल आहे.

पाना_पक्कड म्हणतात की दिसलेलं सांगावं म्हणजे चूक सुधारता येते. माझ्यासाठी ते सांगणं हेच उत्तर असतं.

खटपट्या

सावली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझा नियम तुमच्या बाबतीत सपशेल पडतो.

गोळीपट्टी

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. माझ्याकडे येणारे मुके फोटो म्हणजे गोळ्यांच्या पट्ट्या. तिथे "छान, दिसली" म्हणून चालत नाही आणि औषधाची माहिती सांगत बसणंही चालत नाही, कारण त्याच फोटोचे तीन-चार अर्थ निघतात. हीच गोळी हवी आहे. ही गोळी कशाची. आधीच्या गोळीऐवजी ही चालेल का. आणि चौथा, जो क्वचित असतो पण मला आधी तोच बघावा लागतो: कुणीतरी जास्त घेतल्यात.

म्हणून मी पट्टीवरचं नाव वाचायच्या आधी रिकाम्या जागा मोजते. एकदा दहाच्या पट्टीचा फोटो आला, आठ जागा फुटलेल्या, पॅरासिटामॉल. पट्टी चुरगळलेल्या चादरीवर होती. मी लिहिलं, "पॅरासिटामॉलची पट्टी दिसतेय, आठ गोळ्या संपल्यात. या कुणी एकदम घेतल्यात का? असेल तर किती आणि कधी ते लगेच सांगा, मी फोन हातातच धरून आहे." उत्तर आलं की गोळ्या महिन्याभरात संपल्या, दोनच उरल्यात, नवी पट्टी हवी आहे. तरी मला तो प्रश्न विचारल्याचा पश्चात्ताप नाही. ही गोळी प्रमाणाबाहेर पोटात गेली तरी पहिल्या दिवशी माणूस बराचसा ठीक दिसू शकतो, यकृताचं नुकसान नंतर कळतं. त्यामुळे "बरं वाटतंय ना?" हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. किती आणि कधी, हेच विचारायचं. आणि उत्तर 'हो' आलं तर माझ्याशी बोलत बसू नका, सरळ दवाखान्यात जा, पट्टी सोबत न्या, एवढंच सांगायचं.

खटपट्या

पण दर वेळी असं विचारलं तर साधं औषध मागणारा घाबरेल.

गोळीपट्टी

दर वेळी नाही विचारत. भरलेली पट्टी असेल तर विचारायचं काही कारणच नसतं. फोटोत तसं काही दिसलं तरच. आणि शब्द कसे ठेवतो त्यावर बरंच असतं. "काय केलंत हे?" असं लिहिलं तर कुणीही घाबरेल. जे दिसलं ते सरळ सांगून विचारलं तर माणूस सरळ उत्तर देतो, हा माझा अनुभव आहे.

पाना_पक्कड

माझ्याकडे याला जोडून फुगलेल्या बॅटरीचा फोटो आला होता. फोनची मागची काच एका बाजूने उचललेली, फटीतून उजेड दिसत होता, आणि चार्जरची वायर लावलेलीच होती. फोन माझं काम नाही, पण तिथे "काय विचारायचंय?" म्हणत बसलो नाही. "मागची बाजू उचललेली दिसतेय, बॅटरी फुगलेली वाटते. आधी चार्जरचा स्विच बंद करा, फोन दाबू नका, टोचू नका, कागद-कापडापासून लांब ठेवा. केलंत की कळवा." प्रश्न नंतर. उत्तर येईना तेव्हा दहा मिनिटांनी फोन लावला. किती वेळ थांबून फोन करावा, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. बॅटरीला दहा मिनिटंसुद्धा जास्त वाटली.

नवखी_पालवी

मी एक सुचवू? मी पर्याय देऊन विचारते. "पानांबद्दल विचारताय की कुंडी बदलायची आहे?" म्हणजे त्यांना लिहावंच लागत नाही.

पाना_पक्कड

चांगलं आहे, पण त्यात एक खड्डा आहे, मी त्यात पडलोय. "पाणी भरत नाही की बाहेर जात नाही?" असं विचारलं की उत्तर येतं "हो". आता कशाला हो? म्हणून मी एकाच गोष्टीवर हो-नाही विचारतो, किंवा पर्याय १ आणि २ असे आकड्यांनी देतो, म्हणजे ते नुसता आकडा पाठवतात. तिसरा पर्याय कायम ठेवतो: "३, वेगळंच काही". तो नसला तर सभ्य माणसं आपल्या अंदाजाला मान देऊन १ म्हणून टाकतात, आणि आपण भलत्याच गोष्टीच्या मागे लागतो.

नवखी_पालवी

मान देऊन हो म्हणणं... हे माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत तंतोतंत खरं आहे. त्यांनी एकदा चष्म्याचा फोटो पाठवला होता. मी विचारलं, "काडी तुटली का बाबा?" ते म्हणाले "हो". मी दुरुस्तीची सोय करून ठेवली. घरी गेले तर काडी शाबूत. नवा चष्मा केला होता, तो दाखवायचा होता. "तू एवढ्या काळजीने विचारलंस, नाही कसं म्हणू," असं म्हणाले.

दूरदेशी

सगळं वाचतोय. एक शंका मनात आहे. प्रत्येक फोटोला प्रश्न असतोच असं आपण धरून चाललोय. माझा भाऊ शिकायला बाहेर गेला, तेव्हा पहिल्या संध्याकाळी त्याने खोलीचा फोटो पाठवला. लोखंडी पलंग, त्यावर न उघडलेली बॅग, उघडी खिडकी. बाकी काही नाही. मी लिहिलं, "पोहोचलास का? जेवलास का? गादी मिळाली का? खोलीत अजून कोण आहे?" त्याने अंगठा पाठवला. आईने त्याच फोटोला लिहिलं, "खिडकीतून झाड दिसतंय रे." त्यावर तो अर्धा तास आईशी लिहीत बसला होता. झाडापासून सुरू झालं आणि शेवटी करमत नाहीये इथपर्यंत आलं.

आईने काहीच विचारलं नव्हतं. मला वाटतं, जवळच्या माणसाला पहिल्या उत्तरात प्रश्न नकोच.

गोळीपट्टी

हे मला पूर्ण पटत नाही. आईंनी फोटोतली एक गोष्ट नेमकी पाहिली, हे खरं. पण तोच फोटो रात्री दोन वाजता आला असता तर? तेव्हा मी विचारलंच असतं, "जागा आहेस?" वेळ, आधीचं बोलणं, माणूस एरवी फोटो पाठवतो का, हे सगळं फोटोबरोबर येतंच की. कधी काही न पाठवणाऱ्याने पाठवला तर मी तो जास्त लक्ष देऊन बघते.

दूरदेशी

"जागा आहेस?" हा प्रश्न मलाही चालेल. चार प्रश्नांची रांग चालणार नाही.

सावली

माझ्या बहिणीलाही मी कधीकधी दाखवण्यासाठीच फोटो पाठवते. उन्हाचा पट्टा मला थोडा दिसतो, तो आवडला की काढते. ती तेव्हाही वाचायला अक्षरं शोधत बसते. तिला कसं कळावं? मी सांगितलं पाहिजे, हे खरं. पण एकदा तिने लिहिलं होतं, "अक्षरं काही नाहीत, उन्हाचा पट्टा आहे, पायरीवर वळलाय." ते मी जपून ठेवलंय.

कुंडीकाठ

सगळ्यांचं सावकाश दोनदा वाचलं. काल एक फोटो आला, याच सहकाऱ्यांचा. यावेळीही अक्षर नाही. जास्वंद, कळी अजून मिटलेलीच, पण देठापाशी पिवळी झालेली. आधी फोकस कुठे आहे ते बघितलं: कळीवर. मग कुंडीची कड बघितली: पांढरीशुभ्र, म्हणजे दिवसाचा उजेड आणि पिवळेपणा खरा. मातीचा रंग गडद होता, पण ती ओली आहे की नुसती सावलीत, ते ठरवता येईना.

जास्वंदीची कळी न उमलता पिवळी होऊन गळते तेव्हा पाणी अनियमित झालेलं असतं, कुंडीची जागा बदललेली असते किंवा कळीत बारीक किडे असतात. हे सगळं बोटांवर आलं होतं. लिहिलं नाही. लिहिलं एवढंच:

"कळी देठापाशी पिवळी झालेली दिसतेय. पहिलीच होती, वाईट वाटलं. माती बोटाने दाबून बघाल का, ओली लागते का?"

पाच मिनिटांत उत्तर आलं. "ओली आहे. कळी गळू नये म्हणून दिवसातून तीनदा पाणी घालतोय."

आता हे त्यांना कसं सांगावं, की तीनदा पाणी घातल्यामुळेच बहुधा गळतेय? त्यांनी जीव लावून घातलंय ते पाणी. अजून उत्तर पाठवलेलं नाही.

पाना_पक्कड

पाणी दोन दिवस थांबवा, एवढंच पाठवा ताई. कारण त्यांनी विचारलं तर सांगा.

दूरदेशी

मी असतो तर खाली दुसरी कळी धरतेय का, ते आधी विचारलं असतं.

कुंडीकाठ

फोटो मोठा करून बघितला. डावीकडच्या फांदीच्या बगलेत हिरवा ठिपका आहे. कळी असेल किंवा पानाची पालवी, सांगता येत नाही. "पाणी दोन दिवस थांबवू या. डावीकडच्या फांदीवर काहीतरी हिरवं फुटतंय असं वाटतंय, उद्या उजेडात त्याचा एक फोटो काढाल?" असं आत्ताच पाठवलं.